तीस मीटर दोरी आणि एक कलिंगड

विज्ञान प्रदर्शनातली सूर्यमाला बहुतेक ठिकाणी सारखीच असते. थर्माकोलचे रंगवलेले गोळे, मधोमध पिवळा बल्ब आणि आठही ग्रह एकमेकांपासून वीतभर अंतरावर गुण्यागोविंदाने बसलेले. त्यात ग्रहांचा क्रम तेवढा बरोबर असतो. गोळ्यांचे आकार बाजारात जे मिळाले त्यावर ठरतात आणि अंतरं पुठ्ठ्याच्या लांबीवर. लांब दोरी आणि मंडईतली फळं घेतली, तर आकार आणि अंतर दोन्ही हिशोबाने मांडता येतात. पण त्यासाठी एक पथ्य पाळावं लागतं: दोरीचं प्रमाण वेगळं आणि फळांचं वेगळं, ही गोष्ट मुलांपासून लपवायची नाही. उलट या उपक्रमातला खरा गणिताचा भाग तिथेच आहे, म्हणून तो शेवटी ठेवायचा.

सातवी ते नववीच्या मुलांना हे छान जमतं. गुणोत्तर-प्रमाण झालेलं असतं आणि दशांश अपूर्णांकांची भीती थोडी गेलेली असते. दोन तास हाताशी ठेवा, एक दोरीसाठी आणि एक फळांसाठी. जागा म्हणाल तर तीस मीटर लांब मोकळी पट्टी हवी, म्हणजे क्रिकेटच्या दीड खेळपट्टीएवढी. मैदान नसेल तर वर्गांसमोरचा लांब व्हरांडाही चालतो.

आधी दोरी

प्रमाण असं घ्या: दोरीवरचा १ मीटर म्हणजे १५ कोटी किलोमीटर. सूर्यापासून पृथ्वीचं सरासरी अंतर १४.९६ कोटी किलोमीटर आहे, त्यामुळे पृथ्वी बरोबर एक मीटरवर येते. काही पुस्तकांत १ मीटर म्हणजे १० कोटी किलोमीटर असं घेतलेलं दिसतं. भागाकार सोपा होतो हे खरं, पण दोरी ४५ मीटर लागते आणि पृथ्वी दीड मीटरवर जाते. पृथ्वी एक मीटरवर असण्याचा फायदा असा की दोरीवरचा प्रत्येक आकडा ‘पृथ्वीच्या किती पट दूर’ हेच थेट सांगतो. खगोलशास्त्रज्ञांचं ‘खगोलीय एकक’ म्हणजे हेच अंतर. ते वेगळं शिकवावं लागत नाही.

मुलांना फक्त मधला रकाना द्या. शेवटचा रकाना त्यांनी १५ ने भागून स्वतः भरायचा आहे.

| ग्रह | सूर्यापासून सरासरी अंतर (कोटी कि.मी.) | दोरीवर |
|---|---|---|
| बुध | ५.८ | ३९ सें.मी. |
| शुक्र | १०.८ | ७२ सें.मी. |
| पृथ्वी | १५ | १ मी. |
| मंगळ | २२.८ | १ मी. ५२ सें.मी. |
| गुरू | ७७.८ | ५ मी. १९ सें.मी. |
| शनी | १४३ | ९ मी. ५३ सें.मी. |
| युरेनस | २८७ | १९ मी. १३ सें.मी. |
| नेपच्यून | ४५० | ३० मी. |

एक उदाहरण फळ्यावर करून दाखवा. गुरूसाठी ७७.८ भागिले १५ म्हणजे ५.१८७. पूर्णांकाचे ५ मीटर, उरलेल्या ०.१८७ ला शंभराने गुणलं की १८.७ सेंटिमीटर, म्हणजे जवळपास १९. बाकीचे सात मुलं करतात. मुलांनी स्वतःच आकडे शोधून आणले असतील, तर ते बहुधा मिलियन आणि बिलियनमध्ये असतील आणि इथे शून्यांचा घोळ होतो. मिलियन म्हणजे दहा लाख आणि बिलियन म्हणजे शंभर कोटी, एवढं फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवा. युरेनसचे २.८७ बिलियन म्हणजे २८७ कोटी. ज्याचा युरेनस मंगळाच्या शेजारी येऊन बसला, त्याचं एखादं शून्य वाटेत सांडलं आहे असं समजा.

दोरी ३१-३२ मीटर घ्या, म्हणजे दोन्ही टोकांना धरायला अर्धा-पाऊण मीटर उरतो. जाडसर सुती दोरी सगळ्यांत बरी. कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी हाताशी असते म्हणून लोक तीच घेतात, पण ती ताणली की वाढते. तीस मीटरवर एक टक्का ताण म्हणजे तीस सेंटिमीटर. बुध सूर्यापासून जेमतेम तेवढाच लांब आहे. सुतळी चालेल, पण ती भिजू देऊ नका. तागाची दोरी ओली झाली की आखडते.

खुणांसाठी दोरीला गाठी मारू नका. प्रत्येक गाठ दोन-चार सेंटिमीटर दोरी खाते, त्यामुळे पुढच्या सगळ्या खुणा सरकतात. इलेक्ट्रिशियनची रंगीत चिकटपट्टी गुंडाळा किंवा कापडाची चिंधी बांधा. सूर्याची खूण टोकापासून अर्धा मीटर आत करा आणि त्यानंतरचं प्रत्येक अंतर याच खुणेपासून मोजा. आधीच्या ग्रहापासून पुढच्या ग्रहापर्यंत मोजत गेलात तर प्रत्येक चूक पुढच्या चुकीत मिळत जाते. खेळाच्या शिक्षकांकडे लांब उडी मोजायचा मोठा टेप असतो, तो मागून घ्या. मीटरपट्टी तीस वेळा सरकवून मोजलं आणि दर वेळी पाच मिलिमीटरची चूक एकाच बाजूला झाली, तर नेपच्यून पंधरा सेंटिमीटरने चुकतो.

दोरी बरोबर झाली का, हे टेपशिवायही तपासता येतं. सूर्याची खूण उचलून युरेनसच्या खुणेवर ठेवा आणि दोरी दुहेरी ताणा. घडीचं टोक शनीच्या खुणेपासून तीन-चार सेंटिमीटरवर, युरेनसच्या बाजूला आलं पाहिजे, कारण शनी सूर्य आणि युरेनस यांच्या जवळजवळ मध्यावर आहे. घडी वीतभर दूर पडली तर शनी किंवा युरेनस, दोघांपैकी एक चुकला आहे.

दोरीवर उभं राहणं

आता प्रत्येक खुणेवर एकेका मुलाला उभं करा. पहिली गंमत लगेच होते: बुध, शुक्र, पृथ्वी आणि मंगळ यांना दीड मीटरमध्ये उभं राहायचं असतं. कोपरं लागतात, धक्काबुक्की सुरू होते. त्यांना दोरीच्या आलटूनपालटून दोन्ही बाजूंना उभं करा. गुरू मात्र मंगळापासून साडेतीन मीटरहून लांब एकटाच उभा असतो आणि युरेनसला नेपच्यूनशी बोलायचं तर हाक मारावी लागते.

इथे पहिलं गणित विचारा. सूर्यापासून नेपच्यूनपर्यंतच्या अंतराचा मध्य कुठे येतो? आठ ग्रह म्हणजे मध्य चौथ्या-पाचव्याच्या दरम्यान, असं बरीच मुलं म्हणतील. पंधरा मीटरवर चुन्याची रेघ मारा. ती शनी आणि युरेनसच्या मध्ये पडते. दोरीच्या पहिल्या एक तृतीयांश भागातच सहा ग्रह संपलेले असतात.

दोरीमुळे एक चुकीची समजूतही होऊ शकते, ती तिथेच मोडायला हवी. ग्रह असे एका रांगेत कधीच उभे नसतात. दोरी फक्त सूर्यापासूनचं अंतर सांगते, दिशा सांगत नाही. म्हणून सूर्याचं टोक एका मुलाने जमिनीवर दाबून धरावं आणि दुसऱ्याने पृथ्वीच्या खुणेशी फक्की धरून गोल फिरावं. मग मंगळाच्या खुणेशी तसंच. दोन वर्तुळं मैदानावर उमटली की विचारा: पृथ्वी आणि मंगळ एकमेकांच्या जास्तीत जास्त किती जवळ येतील आणि किती लांब जातील? एकाच बाजूला असतील तर १५२ वजा १०० म्हणजे ५२ सेंटिमीटर. सूर्याच्या विरुद्ध बाजूंना असतील तर १५२ अधिक १०० म्हणजे २५२ सेंटिमीटर. जवळजवळ पाचपट फरक! मंगळ एखाद्या वर्षी लालभडक ठळक दिसतो आणि नंतर मिणमिणता होतो, त्याचं मुख्य कारण या वजाबाकीत आणि बेरजेत आहे. खऱ्या कक्षा थोड्या लंबवर्तुळाकार असल्याने प्रत्यक्षातले आकडे थोडे इकडेतिकडे होतात. मंगळाच्या बाबतीत हा फरक बाकी शेजाऱ्यांपेक्षा जास्त असतो.

याच वर्तुळांवर मंगळयानाचा प्रश्न घ्या. इस्रोचं मंगळयान ५ नोव्हेंबर २०१३ रोजी निघालं आणि २४ सप्टेंबर २०१४ रोजी मंगळाच्या कक्षेत शिरलं. प्रवास झाला ६५ कोटी किलोमीटरहून अधिक. दोरीवर तो किती? ६५ भागिले १५ म्हणजे सव्वाचार मीटरहून जास्त. मग पृथ्वी ते मंगळ ५२ सेंटिमीटर असताना यानाने इतका फेरा का घेतला? मुलांना फक्कीने वाट काढायला लावा. यान निघतं तेव्हा पृथ्वीच्या वेगाने आधीच सूर्याभोवती फिरत असतं, त्यामुळे ते सरळ रेषेत जात नाही. पृथ्वीच्या वर्तुळावरून निघून सूर्याला अर्धी प्रदक्षिणा घालत हळूहळू मंगळाच्या वर्तुळाला जाऊन भिडतं. ती कमान सुतळीने मोजली तर चार मीटरच्या आसपास येते.

आणि आदित्य-एल१? २ सप्टेंबर २०२३ रोजी निघालेलं हे यान पृथ्वीपासून सूर्याच्या दिशेने १५ लाख किलोमीटरवर आहे. ‘सूर्यावर गेलेलं यान’ असं ऐकलेली मुलं ते सूर्य आणि पृथ्वी यांच्या मधोमध कुठेतरी ठेवतात. दीड हजार लाख किलोमीटरला १०० सेंटिमीटर, तर १५ लाखांना किती, एवढंच विचारा. उत्तर आहे एक सेंटिमीटर. चंद्र तर पृथ्वीच्या खुणेपासून अडीच मिलिमीटरवर, म्हणजे चिकटपट्टीच्या रुंदीतच संपतो. माणूस आजवर जास्तीत जास्त जिथवर गेला आहे ते अंतर या दोरीवर एवढंच आहे.

मग फळं

फळांचं प्रमाण मी १ सेंटिमीटरला ८,००० किलोमीटर असं सुचवेन. त्यात गुरू मंडईत मिळेल एवढा राहतो आणि बुध हरवण्याइतका लहान होत नाही. गुरूचा सरासरी व्यास १,३९,८२० किलोमीटर, भागिले ८,०००, म्हणजे साडेसतरा सेंटिमीटर: छोटं, गोल, काळपट सालीचं कलिंगड. शनी साडेचौदा सेंटिमीटर, त्याला पपनस चांगलं. पपनस न मिळाल्यास खरबूज. युरेनस ६.३ आणि नेपच्यून ६.२, म्हणजे दोन बेताची संत्री. पृथ्वी १.६ आणि शुक्र १.५. उन्हाळ्यात असाल तर करवंदं, नाहीतर गोल द्राक्षं. मंगळाला साडेआठ मिलिमीटरचा मटाराचा दाणा, बुधाला सहा मिलिमीटरचा तुरीचा हिरवा दाणा आणि चंद्राला ज्वारीचा टपोरा दाणा, चार मिलिमीटरचा. शनीची कडी कार्डशीटची कापा: बाहेरचा व्यास ३४ सेंटिमीटर, आतल्या भोकाचा साडेअठरा. कडी फळाला चिकटत नाही, मध्ये मोकळी जागा राहते. दोन काडेपेटीच्या काड्यांनी ती अडकवता येते. पपई, आंबा, सीताफळ यांचा मोह टाळा. ज्याला एक व्यास नाही, त्याचं गणित होत नाही.

फळाचा व्यास मोजायचा कसा, हा स्वतंत्र धडा आहे. पट्टी फळावर ठेवून अंदाजाने वाचली की चूक होते. कागदाची पट्टी फळाच्या पोटाभोवती गुंडाळा, परीघ मोजा आणि ३.१४ ने भागा. पोटाभोवतीच, देठापासून बुडापर्यंत नाही. परीघ ५५ सेंटिमीटर आला तर व्यास १७.५, म्हणजे हवा तोच. लहान दाण्यांसाठी दहा दाणे पट्टीला लावून ओळीने ठेवा, एकूण लांबी मोजा आणि दहाने भागा.

मंडईत मात्र १७.५ सेंटिमीटरचं कलिंगड मागून मिळत नाही. समजा, मिळालेल्या कलिंगडाचा परीघ ६६ सेंटिमीटर भरला. व्यास २१. आता दोन वाटा आहेत: दुसरं कलिंगड शोधा किंवा प्रमाण बदला. मी दुसरी वाट घेईन, कारण तिथे मुलांना प्रमाण म्हणजे काय ते खरं कळतं. १,३९,८२० भागिले २१ म्हणजे १ सेंटिमीटरला सुमारे ६,६६० किलोमीटर. या नव्या प्रमाणात पृथ्वी १.९ सेंटिमीटरची होते, म्हणजे करवंदाच्या जागी लहान बोर लागतं. शनी साडेसतरा, युरेनस ७.६. एक कलिंगड बदललं की सगळी टोपली बदलते.

इथली नेहमीची चूक म्हणजे त्रिज्या आणि व्यास यांची सरमिसळ. काही तक्त्यांत त्रिज्या दिलेली असते, काहींत व्यास, आणि मुलं एक आकडा इथून, दुसरा तिथून उचलतात. ओळखायला सोपी खूण अशी की गुरू पृथ्वीच्या अकरापट रुंद आला पाहिजे. साडेपाचपट आला किंवा बावीसपट आला, तर कुठेतरी दोन आकड्यांची जात वेगळी आहे.

सूर्य? १३,९२,००० भागिले ८,००० म्हणजे १७४ सेंटिमीटर. असं फळ नाही. जमिनीवर ८७ सेंटिमीटर त्रिज्येचं वर्तुळ काढा. उंच मुलगा त्यात आडवा झोपला की जेमतेम मावतो. वर्तुळाच्या मध्यातून जाणारी रेघ ओढा आणि तिच्यावर द्राक्षं ओळीने मांडा. १०९ लागतात. पाव किलोत काम होतं.

इथे फळांची मर्यादाही सांगा. ती फक्त आकार दाखवतात, वजन नाही. पाण्याच्या बादलीत कलिंगड तरंगतं, पण खरा गुरू पाण्यापेक्षा जड द्रव्याचा आहे, तो बुडाला असता. शनीची घनता मात्र पाण्यापेक्षा कमी आहे आणि पपनसही तरंगतं, तेवढा एक योग जुळतो.

घनफळाचं गणित फळांशिवाय कोरडं वाटतं, म्हणून ते इथेच घ्या. कलिंगडात किती करवंदं मावतील? व्यास अकरापट म्हणून ‘अकरा’ असं पहिलं उत्तर हमखास येतं. अकरा करवंदं फक्त एका ओळीत बसतात. तशा अकरा ओळींचा एक थर, आणि असे अकरा थर. ११ × ११ × ११ म्हणजे १,३३१. मोजलेल्या व्यासांवरून गुरूचं घनफळ पृथ्वीच्या सुमारे १,३२० पट येतं. प्रत्यक्षात गोल फळं रचताना मध्ये फटी राहतात, त्यामुळे खरोखर भरायला गेलं तर एवढी मावणार नाहीत. हा फरक मुलांनी स्वतः काढला तर उत्तमच.

चंद्र कुठे ठेवायचा

करवंदाची पृथ्वी टेबलावर ठेवा आणि ज्वारीचा दाणा एकेकाच्या हातात देऊन चंद्र ठेवायला सांगा. दाणे करवंदापासून चार-पाच बोटांवर पडतात, कारण पुस्तकातल्या चित्रात तो तिथेच असतो. आता हिशोब करा. चंद्राचं सरासरी अंतर ३,८४,४०० किलोमीटर, भागिले ८,०००, म्हणजे ४८ सेंटिमीटर. जवळजवळ अर्धा मीटर. दोघांमध्ये करवंदं ओळीने लावली तर तीसच्या आसपास लागतात.

यावर एक प्रसिद्ध दावा तपासता येतो. पृथ्वी आणि चंद्र यांच्या मधल्या जागेत बाकीचे सातही ग्रह ओळीने मावतात, असं बऱ्याच ठिकाणी सांगितलेलं असतं. मुलांना सात व्यासांची बेरीज करू द्या: ४,८७९ + १२,१०४ + ६,७७९ + १,३९,८२० + १,१६,४६० + ५०,७२४ + ४९,२४४. उत्तर ३,८०,०१० किलोमीटर. ३,८४,४०० पेक्षा कमी, म्हणजे मावले! पण थांबा. ३,८४,४०० हे अंतर केंद्रापासून केंद्रापर्यंतचं आहे. त्यातून पृथ्वीची त्रिज्या ६,३७१ आणि चंद्राची १,७३७ वजा केली की मोकळी जागा उरते ३,७६,२९२ किलोमीटर. म्हणजे नाही मावत, सुमारे ३,७०० किलोमीटर कमी पडतात. तरी गोष्ट इथे संपत नाही. चंद्र कधी जवळ, कधी लांब असतो. लांब असताना अंतर साधारण ४,०५,५०० किलोमीटर होतं. तेव्हा मोकळी जागा ३,९७,००० च्या पुढे जाते आणि सातही ग्रह आरामात बसतात. तेव्हा दाव्याचं उत्तर ‘चंद्र दूर असेल तर’ असं आहे. हे गणित फळं मांडून नाही, आकड्यांवरच करा. एक टक्क्याचा प्रश्न आहे, आणि पपनसाचा व्यास आपण तितक्या नेमकेपणाने मोजलेला नसतो.

दोन्ही एकत्र

आता फळं दोरीवर नेऊन ठेवा. दिसायला छान दिसतं, आणि मंगळ-पृथ्वीचे दाणे चिंध्यांशेजारी शोभतात. इथे मुलांना विचारा की या मांडणीत खोटं काय आहे. दोरीवर १ सेंटिमीटर म्हणजे १५ लाख किलोमीटर, फळांत १ सेंटिमीटर म्हणजे ८,००० किलोमीटर. १५,००,००० भागिले ८,००० म्हणजे १८७.५. फळं दोरीच्या मानाने एकशे साडेसत्त्याऐंशी पट फुगलेली आहेत. सूर्याचं ८७ सेंटिमीटर त्रिज्येचं वर्तुळ दोरीच्या टोकाशी काढलं तर त्याने बुध आणि शुक्र दोघांनाही गिळलेलं असतं आणि पृथ्वीही त्यापासून फक्त १३ सेंटिमीटर राहते.

चूक दुरुस्त करायला दोन मार्ग. फळं तीच ठेवायची तर दोरी १८७.५ पट लांबवा. पृथ्वीचं करवंद सूर्याच्या वर्तुळापासून १८७ मीटरवर जाईल, गुरूचं कलिंगड ९७३ मीटरवर, म्हणजे जवळपास एक किलोमीटरवर. नेपच्यूनचं संत्रं ३० मीटर गुणिले १८७.५ म्हणजे ५,६२५ मीटरवर, शाळेपासून साडेपाच किलोमीटरहून लांब. गावाचा नकाशा घेऊन प्रत्येक ग्रह कुणाच्या घरापाशी, कुठल्या फाट्यावर किंवा देवळापाशी येतो ते मुलांना शोधू द्या. ही एक चांगली गृहपाठाची कामगिरी होते.

दुसरा मार्ग दोरी तीच ठेवून फळं लहान करण्याचा. सूर्य १३,९२,००० भागिले १५,००,००० म्हणजे ०.९३ सेंटिमीटर, म्हणजे एक हरभरा. गुरू त्याच्या एक दशांश, जेमतेम एक मिलिमीटर, म्हणजे राजगिऱ्याचा दाणा. पृथ्वी ०.०८५ मिलिमीटर, केसाच्या जाडीएवढी. ती ठेवायला काही नाही, पट्टीवर पेनाच्या टोकानेसुद्धा एवढा बारीक ठिपका निघत नाही. हरभरा आणि राजगिरा पट्टीवर चिकटवून दोरीच्या खुणांवर ठेवा. दोन प्रमाणांतली ही दरी मुलांनी हाताने पाहिली की चित्रातली सूर्यमाला कशी काढलेली असते, ते त्यांना सांगावं लागत नाही.

दोरीवर चालणारा प्रकाश

दोरी गुंडाळण्याआधी शेवटची गणितं घ्या. प्रकाश सेकंदाला ३ लाख किलोमीटर जातो. १५ कोटी भागिले ३ लाख म्हणजे ५०० सेकंद. म्हणजे दोरीवरचा एक मीटर प्रकाशाला ५०० सेकंदांत, आठ मिनिटं वीस सेकंदांत पार होतो. सेकंदाला दोन मिलिमीटर, मिनिटाला बारा सेंटिमीटर. एका मुलाच्या हातात मणी द्या आणि घड्याळ लावून दर मिनिटाला तो बारा सेंटिमीटर पुढे सरकवायला सांगा. बाजूने जाणारी मुंगी त्याच्यापुढे निघून जाईल. पस्तीस मिनिटांच्या तासात मणी ४ मीटर २० सेंटिमीटरवर पोहोचतो. गुरू ५ मीटर १९ वर आहे, म्हणजे घंटा होईपर्यंत प्रकाश गुरूपर्यंतही जात नाही. नेपच्यूनपर्यंत त्याला ३० गुणिले ५०० म्हणजे १५,००० सेकंद लागतात, चार तास दहा मिनिटं.

१९७७ साली निघालेलं व्हॉयेजर १ सेकंदाला १७ किलोमीटर वेगाने सूर्यापासून दूर जात आहे. दिवसाला किती? १७ गुणिले ८६,४०० म्हणजे १४ लाख ६८ हजार ८०० किलोमीटर. आपल्या दोरीवर १५ लाख म्हणजे एक सेंटिमीटर, तेव्हा व्हॉयेजर रोज सुमारे एक सेंटिमीटर सरकतं. नेपच्यूनची खूण त्याने केव्हाच ओलांडली आहे. ते आज नेमकं किती मीटरवर आहे, ते मुलांनी खगोलीय एककांतला ताजा आकडा शोधून सांगायचं. एकक आणि मीटर इथे एकच असल्याने भागाकार करावा लागत नाही.

सूर्यानंतरचा सगळ्यांत जवळचा तारा प्रॉक्झिमा सेंटॉरी सुमारे ४.२४ प्रकाशवर्षं दूर आहे. तो दोरीवर कुठे येईल? वर्षात ३ कोटी १५ लाख ३६ हजार सेकंद, गुणिले २ मिलिमीटर, म्हणजे एक प्रकाशवर्ष झालं ६३ किलोमीटरांचं. ४.२४ ने गुणलं की २६७ किलोमीटर. दोरी पुण्यात धरली असेल तर तारा कोल्हापूर ओलांडून पुढे. आता व्हॉयेजरच्या रोजच्या एक सेंटिमीटर चालीने हे अंतर कापायला किती वर्षं लागतील ते काढा. २६७ किलोमीटर म्हणजे २ कोटी ६७ लाख सेंटिमीटर, म्हणजे तेवढेच दिवस, भागिले ३६५. उत्तर ७३ हजार वर्षांच्या जवळ येतं. व्हॉयेजर त्या ताऱ्याच्या दिशेने जातच नाही, हे गणित फक्त अंतराचं आहे. दोरीवरचे आकडे आपण वाटेत पूर्णांकात आणलेले असल्याने ७० ते ७५ हजारांमधलं कुठलंही उत्तर बरोबर धरा. सात लाख किंवा सात हजार आलं तर किलोमीटरचे सेंटिमीटर करताना शून्य चुकलं आहे.